प्रकल्पात कोणी काय केले असे वरिष्ठांनी विचारले, तर उत्तर कसे लिहावे?

अर्धविराम

आमच्या चार जणांच्या गटाने नुकताच एक प्रकल्प पूर्ण केला. जुन्या प्रणालीतील अकरा वर्षांच्या नोंदी नव्या प्रणालीत आणायच्या आणि दोन्हीकडचे मासिक गोषवारे तंतोतंत जुळतात हे दाखवायचे, असे कामाचे स्वरूप होते. शेवटचे सादरीकरण मी केले होते, त्यामुळे विभागप्रमुखांचा मेल एकट्या मला आला: "या कामात कोणी कोणता भाग केला ते थोडक्यात कळवावे. सोमवारपर्यंत चालेल." असा मेल आला आहे हे बाकीच्या तिघांना माहीत नाही. मी त्यांना येथे क, ख आणि ग म्हणते.

मी पुढील मसुदा लिहिला आणि पाठवण्याआधी थांबले.

"स्थलांतराचा आराखडा व मुख्य कोड मी लिहिला. तपासणीच्या टप्प्यात गोषवाऱ्यांत तफावत आढळली. तिचे कारण शोधून ती दुरुस्त करण्यात आली. क आणि ख यांनी तपासणीत मदत केली. ग यांचा सुरुवातीच्या टप्प्यात सहभाग होता."

यातले एकही वाक्य खोटे नाही, तरीही सगळे मिळून काहीतरी खोटे सांगते आहे असे मला वाटत राहिले. ज्या तफावतीचा उल्लेख मी एका वाक्यात उरकला आहे, ती आमच्या प्रकल्पातली सर्वांत अवघड गोष्ट होती आणि तिचे कारण क ने शोधले होते. मी फक्त त्याने सांगितलेल्या दोन ओळी बदलल्या. आज कोडचा इतिहास उघडला, तर त्या दोन ओळींवर माझे नाव दिसते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असे उत्तर किती तपशिलात लिहावे? आणि 'ग'बद्दल काय लिहावे? तो दुसऱ्याच महिन्यात दीर्घ रजेवर गेला आणि परत आला तेव्हा काम संपत आले होते.

सरळरेषा

यात एवढे अडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. कोड गिटमध्ये असेल, तर पुढील आज्ञा चालवा आणि जे येईल ते जसेच्या तसे पाठवा.

```
git shortlog -sn --no-merges
```

कोणी किती बदल नोंदवले ते नावानिशी मिळते. माणसाची स्मरणशक्ती सोयीची असते, नोंद मात्र कोणाची भीड बाळगत नाही. मी आमच्या गटात हेच करतो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

जुना_खलाशी

सरळरेषा, स्मरणशक्तीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. मात्र ही नोंद नेमके काय मोजते ते पाहिले पाहिजे. ती कोणाच्या नावाने किती बदल दाखल झाले ते मोजते. एखाद्याला दिवसातून वीस वेळा बारीकसारीक बदल नोंदवायची सवय असते, तर दुसरा आठवड्याचे काम एकदाच नोंदवतो. जो आठ दिवस नोंदी चाळून दोष कुठे आहे ते सांगतो आणि स्वतः एकही ओळ लिहीत नाही, तो या यादीत दिसतच नाही.

अर्धविराम, मला एक सांगा. क च्या शाखा मुख्य शाखेत कोणी आणि कशा मिळवल्या?

अर्धविराम

मीच मिळवल्या. शेवटच्या पंधरवड्यात सर्वांच्या शाखा गोळा करून `git merge --squash` केले आणि प्रत्येक शाखेचा एकेक बदल नोंदवला. इतिहास नीटनेटका दिसावा एवढाच हेतू होता.

जुना_खलाशी

म्हणजे सरळरेषा यांची आज्ञा तुमच्याकडे चालवली, तर जवळजवळ सारा प्रकल्प तुमच्या नावावर निघेल. त्या पद्धतीने शाखा मिळवली की तिच्यातील सर्व बदलांचा एकच ढीग होतो, आणि जो तो ढीग नोंदवतो त्याचे नाव लेखक म्हणून लागते. मूळ लेखकांची नावे लेखक म्हणून कोठेही राहत नाहीत. रीबेस केले असते, तर लेखकाचे नाव तसेच राहून केवळ नोंदवणाऱ्याचे बदलले असते. तुमचा हेतू स्वच्छ होता याबद्दल मला शंका नाही, पण तुमच्या हातून तिघांची नावे पुसली गेली आहेत. विभागप्रमुखांनी उद्या स्वतः ती नोंद पाहिली, तर तुमच्या मसुद्याला तिचा दुजोराच मिळेल. तुमच्या अस्वस्थतेचे कारण बहुधा हेच असावे.

रोखठोक

हे सर्वत्र चालते. राबणारा एक असतो आणि सादरीकरण करणारा सगळे श्रेय घेऊन जातो. माझ्याबाबतीत दोनदा असे झाले आहे. तुमचे श्रेय कोणी लाटले असेल, तर गप्प बसू नका. पुरावे जमवा, तारखांनिशी तक्रार लिहा आणि ती विभागप्रमुखांच्याही वर पाठवा. सोमवारची वाट पाहू नका.

अर्धविराम

रोखठोक, आपुलकीने लिहिलेत त्याबद्दल आभार. पण माझे श्रेय कोणी घेतलेले नाही. सादरीकरण करणारी मीच आहे आणि दुसऱ्याचे श्रेय माझ्याकडे येते आहे, ही माझी अडचण आहे.

रोखठोक

घाईत वाचले, क्षमस्व. मग तर क ने हा धागा वाचावा असे वाटते.

ओलीशाई

मी संशोधन क्षेत्रात आहे. आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येक शोधनिबंधाच्या वेळी येतो, म्हणून थोडे त्या बाजूने लिहिते.

बरीच नियतकालिके आता लेखकांच्या यादीसोबत प्रत्येकाने काय केले ते वेगळे लिहून घेतात. त्यासाठी क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी वापरतात. २०२२ साली तिला अमेरिकेत प्रमाणित दर्जाही मिळाला. मूळ कल्पना, प्रत्यक्ष शोध, सॉफ्टवेअर, पडताळणी, माहितीची देखभाल, पहिला मसुदा, नंतरचे संपादन अशा त्या भूमिका आहेत. एका भूमिकेत अनेक जण आणि एका माणसाकडे अनेक भूमिका, दोन्ही चालते. हवे असल्यास मुख्य, समान की साहाय्यक असेही लिहिता येते. तुमच्या मेलसाठी चौदाही भूमिका घेण्याची मुळीच गरज नाही. मात्र 'शोध' आणि 'सॉफ्टवेअर' ही दोन वेगळी कामे आहेत एवढे जरी तिच्यातून घेतले, तरी क आणि तुमच्यातला गुंता सुटेल. त्याने शोध घेतला आणि तुम्ही ओळी लिहिल्या.

माझा स्वतःचा अनुभव उलट बाजूचा आहे. एका निबंधाच्या मोजमापांतील एक पद्धतशीर चूक मी शोधली होती. निबंध छापून आला तेव्हा शेवटच्या आभारांत माझ्याबद्दल "उपयुक्त चर्चेबद्दल" असे दोन शब्द होते. ज्याने ते लिहिले त्याला मी नंतर विचारले, तेव्हा तो मनापासून गोंधळला, कारण ती चूक आपणच शोधली अशी त्याची प्रामाणिक आठवण होती. मी सांगितल्यावर त्याने आकडे पुन्हा तपासले होते आणि त्याच्या मनात तपासण्याचा तो दिवसच शोधाचा दिवस म्हणून राहिला होता.

रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याच गोष्टीवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांनी नवरा-बायकोंना घरातील वेगवेगळ्या गोष्टींत आपला वाटा किती, असे स्वतंत्रपणे विचारले आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक वेळा पूर्णापेक्षा जास्त भरली. मला त्यातला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. भांडणाला तोंड फुटण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोक स्वतःचा वाटा जास्त सांगत होते. म्हणजे हा केवळ बढाईचा प्रकार नाही. आपण स्वतः केलेले आपल्याला अधिक ठळक आठवते. म्हणूनच अशी यादी एकट्याने आठवून लिहू नये असे माझे मत आहे, मग लिहिणारा कितीही सरळ असो.

काठावरचा

हे सर्व वाचायला चांगले वाटते, पण वरिष्ठांनी "थोडक्यात" म्हटले आहे. चार माणसे, चौदा भूमिका आणि आठवणींचे मानसशास्त्र पाठवले, तर ते पहिल्या ओळीनंतर वाचणार नाहीत. शिवाय पगारवाढीचा काळ असेल, तर स्वतःच्या हाताने स्वतःचे काम कमी करून का लिहावे? बाकीच्या तिघांना विचारले असते, तर त्यांनी इतक्या बारकाईने लिहिले असते याची काय खात्री?

जुना_खलाशी

मी बरीच वर्षे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसलो आहे, म्हणून तिकडून काय दिसते ते सांगतो.

मी हे विचारतो त्यामागे बहुधा तीनांपैकी एक कारण असते: मध्यरात्री काही बंद पडले तर कोणाला उठवायचे, पुढच्या कामावर कोणाला घ्यायचे, किंवा वार्षिक मूल्यमापनात काय लिहायचे. तिन्ही वेळा मला टक्केवारी नको असते. कोणत्या गोष्टीबद्दल कोणाला प्रश्न विचारला तर खरे उत्तर मिळेल, हे मला हवे असते. त्यामुळे उत्तर आल्यावर मी एखादा भाग निवडतो आणि दुसरा प्रश्न विचारतो. "ही तफावत नेमकी कशी सापडली? आधी काय वाटले होते?" ज्याने काम केले आहे तो लगेच आधीच्या चुकीच्या समजुतींविषयी बोलू लागतो, कारण त्याचे बहुतेक दिवस त्यांतच गेलेले असतात. ज्याने ते दुसऱ्याकडून ऐकले आहे तो थेट अंतिम उत्तर सांगतो. त्याच्या गोष्टीत चुकलेली वाट नसते. काठावरचा, स्वतःचे काम फुगवून लिहिणारा तिथेच उघडा पडतो, आणि मग त्याने खरोखर केलेल्या कामावरचाही माझा विश्वास उडतो.

आता अर्धविराम यांच्या मसुद्याबद्दल. त्यात तीन शब्दप्रयोग आहेत आणि तिन्ही आपल्या कार्यालयीन मराठीच्या अंगवळणी पडलेले आहेत.

पहिला, "तफावत आढळली". अशा गोष्टी रस्त्यात पडलेल्या नसतात. कोणीतरी त्या शोधतो. आढळली, सापडले, लक्षात आले ही क्रियापदे शोधणाऱ्याला वाक्यातून अलगद बाहेर काढतात.

दुसरा, "दुरुस्त करण्यात आली". कोणी? ज्या मेलचा विषयच 'कोणी' हा आहे, त्यात कर्ता गाळलेले वाक्य येता कामा नये. आणि शेजारच्याच वाक्यात "मी लिहिला" असे असेल, तर वाचणारा गाळलेल्या जागेत तोच 'मी' भरतो. तुम्ही तसे म्हटलेले नसते, पण त्याला तसे कळते.

तिसरा मला सर्वांत धोकादायक वाटतो: "मदत केली". मदत म्हटले की काम तुमचे ठरते आणि दुसरा त्याला हातभार लावणारा. जे काम क चेच होते, त्यात त्याने कोणाला मदत केली? वाक्य दिसते मोठ्या मनाचे, पण त्याचे काम तुमच्या खात्यात जमा होते. मी अशा मेलमध्ये 'मदत' हा शब्द दिसला की काय मदत, असे विचारतोच.

जाता जाता 'आम्ही'बद्दलही सांगतो, कारण पुढच्या मसुद्यात तुम्ही त्याचा आधार घ्याल अशी मला भीती आहे. मराठीत माणूस संकोचाने एकट्यासाठीही आम्ही म्हणतो आणि गटासाठीही आम्हीच म्हणतो. "आम्ही आराखडा केला" हे वाचून मला काहीच कळत नाही.

तफावतीचे नेमके काय झाले होते, ते येथे लिहाल का? मग वाक्य कसे असावे ते पाहू.

अर्धविराम

लिहिते.

जुन्या प्रणालीत नोंदींची वेळ स्थानिक होती. नव्या प्रणालीत ती यूटीसीमध्ये साठवली जाते आणि आमची स्थानिक वेळ तिच्या काही तास पुढे आहे. बऱ्याचशा नोंदी रात्री एक वाजता चालणाऱ्या स्वयंचलित कामातून तयार होतात. यूटीसीप्रमाणे पाहिले, तर त्या आदल्या दिवसाच्या ठरतात. गोषवारा काढताना तारीख थेट साठवलेल्या वेळेवरून घेतली जात होती, त्यामुळे रात्रीच्या सर्व नोंदी एक दिवस मागे सरकत होत्या.

दोष एवढा मोठा असूनही मासिक बेरजेत तो जेमतेम दिसत होता. महिन्याच्या पहिल्या रात्रीच्या नोंदी मागच्या महिन्यात जात होत्या, पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रात्रीच्या नोंदी या महिन्यात येत होत्या. उरत होता तो केवळ या दोन रात्रींमधला फरक, कधी अधिक तर कधी उणे. लाखभर नोंदींमागे पंधरा-वीसची चूक. मी स्वतः म्हणाले होते की काही नोंदी दुबार आल्या असतील, त्या काढून टाकू.

क ला फरकाचे चिन्ह पालटते हे खटकले. दुबार नोंदींमुळे बेरीज वाढेल, कमी कशी होईल, असे तो म्हणाला. त्याने महिन्याऐवजी दिवसागणिक बेरजा काढून समोरासमोर ठेवल्या, तर जवळजवळ प्रत्येक दिवस चुकलेला निघाला. मग त्याने तासागणिक मोजले आणि सगळा फरक मध्यरात्रीनंतरच्या तासांत गोळा झालेला दिसला. यात त्याचे नऊ दिवस गेले. नंतर त्याने मला बोलावून सांगितले की तारीख घेण्याआधी वेळ स्थानिक करून घे. मी दोन ओळी बदलल्या आणि गोषवारे जुळले.

सरळरेषा

हे वाचल्यावर मी माझी आज्ञा मागे घेतो, निदान अर्धी. आकडे मोजणे चुकीचे होते. पण नोंद पूर्ण निरुपयोगी आहे असे मात्र मी मानणार नाही. मूळ शाखा अजून शिल्लक असतील, तर कोणती गोष्ट प्रथम कोणी लिहिली ते शोधता येते.

```
git fetch --all
git log --all --reverse -S'शोधायचा शब्द' --format='%h %an %ad %s'
```

तो शब्द ज्या ज्या बदलात वाढला किंवा कमी झाला, ते बदल जुन्यापासून क्रमाने येतात. ढीग करण्याआधीच्या शाखा कोणी पुसल्या नसतील, तर तेथे खरी नावे असतील.

जुना_खलाशी

हा उपयोग योग्य आहे. नोंद कोण मोठा ते सांगत नाही, पण "हे कधी आणि कोणी लिहिले" या प्रश्नाचा साक्षीदार म्हणून चालते.

अर्धविराम, तफावतीचे वाक्य असे लिहिता येईल: "मासिक गोषवाऱ्यांतील तफावतीचे कारण क यांनी शोधले. दुबार नोंदींचा माझा अंदाज चुकीचा आहे हे त्यांनीच दाखवले. कोडमधील दुरुस्ती त्यांच्या सांगण्यावरून मी केली." तीन लहान वाक्ये आहेत, आणि त्या भागाबद्दल पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा हे विभागप्रमुखांना त्यातून कळते. तुमचे जे आहे तेही असेच लिहा, आढेवेढे न घेता. आराखडा तुमचा असेल, तर "मी केला" असे म्हणा. काही जण इतरांना श्रेय देण्याच्या भरात स्वतःचे काम "थोडेफार" करून टाकतात, आणि तेही चुकीची माहिती देणेच आहे. आराखड्यात उद्या काही निघाले, तर मी कोणाकडे जायचे?

आणि ओलीशाई म्हणतात तसे, पाठवण्याआधी मसुदा तिघांना दाखवा. "हरकत असल्यास कळवा" असे म्हणू नका, कारण हरकत घेणे कोणालाच आवडत नाही. "तुमच्याबद्दलचे वाक्य तुम्हीच दुरुस्त करून परत पाठवा" असे म्हणा.

काठावरचा

'ग'चा प्रश्न तसाच राहिला. ज्याने खरोखर फारसे काही केलेले नाही, त्याच्याबद्दल काय लिहायचे? "सहभाग होता" हे पांघरूण आहे असे तुमचेच म्हणणे दिसते. मग "काही केले नाही" असे लिहायचे का?

ओलीशाई

तसे लिहू नये असे मला वाटते. कोणी काय केले असे विचारले आहे, कोणी काय केले नाही असे विचारलेले नाही. ग ने जेवढे केले तेवढे नेमके लिहावे आणि तारखा द्याव्यात. रजेचा उल्लेख करायचा की नाही हे त्याने ठरवावे, कारण त्याची कारणे खासगी असू शकतात.

जुना_खलाशी

येथे माझे थोडे वेगळे मत आहे. रजेचा उल्लेख नसेल, तर ग चे एकच वाक्य पाहून वाचणारा त्याला कामचुकार समजेल. कारण देऊ नये, पण कालावधी द्यावा. अर्थात त्याला विचारून.

अर्धविराम

सोमवार उलटून गेला, म्हणून काय झाले ते सांगते.

मी मसुदा नव्याने लिहिला आणि शनिवारी तिघांना पाठवला. क ने स्वतःबद्दलचे वाक्य छोटे केले. मी "नऊ दिवस अभ्यास करून" असे घातले होते, ते त्याने काढायला लावले. त्यांतले पहिले चार दिवस तो स्वतःही दुबार नोंदीच शोधत होता, त्यामुळे "माझा अंदाज" या जागी "आमचा दोघांचा सुरुवातीचा अंदाज" असे हवे, असे त्याचे म्हणणे पडले. मला हे माहीतच नव्हते. माझ्या आठवणीत त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ख ने कळवले की दोन्ही प्रणालींतील बेरजा शेजारी ठेवून फरक दाखवणारी स्क्रिप्ट त्याची आहे आणि ती मसुद्यात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती मी लिहिली होती. आम्हा दोघांनाही तसे अगदी स्पष्ट आठवत होते आणि दोन-तीन निरोपांत सूर जरा चढलाही. शेवटी सरळरेषा यांनी दिलेली आज्ञा त्या स्क्रिप्टमधील मुख्य फंक्शनचे नाव घालून चालवली. सुदैवाने जुन्या शाखा सर्व्हरवर शिल्लक होत्या. सर्वांत जुना बदल ग च्या नावावर निघाला, रजेवर जाण्याच्या आठ दिवस आधीचा. ख ने नंतर तिला दिवसागणिक आणि तासागणिक बेरजा काढण्याची सोय जोडली आणि मी अहवालाचे रूप दिले. क ने तफावत शोधली ती याच स्क्रिप्टवर.

ज्याच्याबद्दल मी "सुरुवातीच्या टप्प्यात सहभाग होता" असे लिहून मोकळी होणार होते, त्याच्याबद्दल पाठवलेल्या मेलमध्ये शेवटी असे आहे: "बेरजांची तुलना करणारी स्क्रिप्ट मुळात ग यांनी लिहिली, ख यांनी ती वाढवली, अहवालाची मांडणी माझी. ग दुसऱ्या महिन्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत रजेवर होते." रजेचे वाक्य त्याने स्वतः घातले.

सरळरेषा

मूळ आवृत्तीतल्या किती ओळी आज शिल्लक आहेत?

अर्धविराम

मोजल्या. चाळीसच्या आसपास होत्या, आज सहा राहिल्या आहेत. ख चे म्हणणे असे की मग ती ग ची म्हणणे जरा जास्तच होते. ग म्हणतो की महिने शेजारी ठेवून पाहायची कल्पना तर त्याचीच होती. "मुळात लिहिली" आणि "वाढवली" या शब्दांवर दोघांनी मान डोलावली, पण ख पूर्ण समाधानी नाही हे मला दिसते आहे.

काठावरचा

आणि विभागप्रमुख काय म्हणाले?

अर्धविराम

"मिळाले" एवढेच. कशासाठी विचारले होते ते अजून कळलेले नाही. काल मात्र त्यांनी तासांच्या हिशेबाबद्दल एक शंका काढली आणि ती मला न विचारता थेट क ला विचारली.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला आहे. मुख्य शाखेच्या इतिहासात अजूनही सगळीकडे माझेच नाव आहे. बदल झालेले आहेत आणि इतरांनी त्यावर पुढचे काम सुरू केले आहे, त्यामुळे इतिहास पुन्हा लिहिता येणार नाही. तरीही नावे कशी जोडावीत?

जुना_खलाशी

इतिहासाला हात लावू नका. जुन्या बदलांना टिपण जोडता येते, त्याने बदलाची ओळखसंख्या तशीच राहते.

```
git notes add -m "कारण शोधले: क" <commit>
git push origin refs/notes/commits
```

दुसरी ओळ विसरू नका, कारण टिपणे नेहमीच्या पुशबरोबर जात नाहीत. ती तुमच्याच यंत्रावर राहतील आणि तुम्हाला वाटेल की सर्वांना दिसत आहेत. इतरांनाही ती मुद्दाम मागवून घ्यावी लागतात, म्हणून प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्येही नावे लिहिलेली बरी.

पुढच्या वेळी ढीग करायचाच असेल, तर बदलाच्या संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून प्रत्येकासाठी अशी ओळ घाला.

```
Co-authored-by: Name <name@example.com>
```

गिटहब ही ओळ वाचून सहलेखक दाखवते. मात्र पत्ता त्या व्यक्तीच्या खात्याशी जोडलेला असावा लागतो. ज्याने एकही ओळ न लिहिता कारण शोधले त्याचेही नाव येथे घालावे की नाही, यावर आमच्याकडे एकमत नाही. मी घालतो.

सरळरेषा

मी घालणार नाही. सहलेखक म्हणजे ज्याने लिहिले तो. शोधणाऱ्याचे नाव संदेशाच्या मजकुरात पूर्ण वाक्याने यावे: "कारण क यांनी शोधले."

अर्धविराम

टिपणे आजच जोडते. स्क्रिप्टच्या टिपणात ग आणि ख यांपैकी कोणाचे नाव आधी घालायचे, ते त्या दोघांना विचारून ठरवीन.